एका वडीत किती? मधुमेही नातेवाइकांसाठी दिवाळीचा डबा

मागच्या वर्षी, म्हणजे २०२४च्या दिवाळीत, मी आत्याला एका दुकानातून ‘शुगर फ्री’ लिहिलेला खजूर-अंजीर रोलचा डबा नेऊन दिला होता. त्याच्या आदल्या वर्षी तिला नुसते बदाम-अक्रोड दिले होते आणि ते तिला लागलं होतं. “सगळ्यांना मिठाई आणि मला आजारी माणसाचा खाऊ,” असं ती माझ्या आईला म्हणाली होती. म्हणून मुद्दाम गोड शोधलं. आत्या खूश झाली, शुगर फ्रीच आहे म्हणून जेवणानंतर तीन रोल खाल्ले आणि दोन तासांनी रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर २८६ आकडा आला. तिने तो मला सांगितलासुद्धा नाही, तिच्या सुनेकडून जानेवारीत कळलं. फार वाईट वाटलं. या वर्षी नीट समजून घेऊनच डबे द्यायचे, असं तेव्हाच ठरवलं.

दसरा २ ऑक्टोबरला होता. शनिवारी ४ तारखेला मी वही घेऊन बसले आणि आठ घरांची यादी केली. त्यातल्या चार घरांत मधुमेह आहे. पंचवटीतली आत्या, वय ६८, सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या. नाशिकरोडच्या जाऊबाई, नुकतंच निदान झालेलं, सध्या फक्त पथ्य आणि एक गोळी. गंगापूर रोडचे मामा, मधुमेह जुना आणि आता किडनीचंही दुखणं, त्यामुळे पोटॅशियमवर लक्ष. आणि सिडकोत राहणाऱ्या चुलत बहिणीचा चौदा वर्षांचा मुलगा, टाइप १, जेवणाआधी स्वतः इन्सुलिन घेतो. फोन करून प्रत्येकाला गोळ्या कुठल्या, काय बंद केलंय आणि काय खावंसं वाटतं, एवढं विचारलं. हे विचारायला मला संकोच वाटत होता, पण कुणालाही राग आला नाही. जाऊबाई तर म्हणाल्या, “तू पहिली आहेस विचारणारी. बाकी सगळे परस्पर ठरवतात.”

सर्वात उपयोगी उत्तर त्या मुलाचं होतं. “मावशी, शुगर फ्री नको आणूस. साधं काहीही आण, फक्त एका तुकड्यात किती कार्ब्स आहेत ते सांग.” त्याचं गणित सरळ आहे. खाण्यात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत ते मोजायचं आणि तेवढं इन्सुलिन घ्यायचं. त्याच्या डॉक्टरांनी १५ ग्रॅमला १ युनिट असं प्रमाण बांधून दिलंय. आकडा माहीत नसेल तर अंदाज चुकतो आणि साखर एक तर चढते नाहीतर उतरते. त्याच्या या एका वाक्याने माझ्या शोधाची दिशाच बदलली. डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा एका तुकड्यात किती आहे, हे शोधायला हवं होतं.

रविवारी ५ तारखेला मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत पाच दुकानं फिरले. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं केलं होतं. ती तीन ठिकाणी दिसली, दोन ठिकाणी मागावी लागली. शुगर फ्री काउंटरवर मी एकच प्रश्न विचारत होते, “यात साखरेऐवजी काय घातलंय?” एकाने लगेच सांगितलं, सुक्रालोज. एकाने कारखान्यात फोन लावून विचारून दिलं, मला पंधरा मिनिटं थांबावं लागलं, पण त्याचं मनापासून कौतुक वाटलं. बाकी ठिकाणी उत्तर मिळालं, “शुगर फ्रीच आहे मॅडम, बिनधास्त घ्या.” जिथे हे उत्तर मिळालं तिथून मी काही घेतलं नाही. नुसतं गोड करणारं द्रव्य बदललंय की त्याबरोबर माल्टिटॉलसारखा भरावही घातलाय, हे कळल्याशिवाय आकडा काढताच येत नाही.

पॅकबंद डब्यांचं बरं असतं, मागे तक्ता असतो. दोन डबे विकत आणले आणि घरी भिंग घेऊन वाचले. पहिला खजुराच्या रोलचा, पुढे मोठ्या अक्षरांत ‘नो अॅडेड शुगर’. मागे १०० ग्रॅमला अॅडेड शुगर शून्य, टोटल शुगर ४४ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ५८ ग्रॅम, त्यात फायबर ६ ग्रॅम. म्हणजे खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. वरून साखर घातलेली नव्हती, खजुराची स्वतःची होती. फायबर वजा करून ५२ ग्रॅम उरले. एक रोल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २२ ग्रॅम भरला. म्हणजे एका रोलमध्ये साडेअकरा ग्रॅम कर्बोदकं, आणि आत्याने गेल्या वर्षी खाल्लेल्या तीन रोलमध्ये चौतीसच्या आसपास, जेवणावर आणखी. तो २८६चा आकडा तेव्हा मला उलगडला.

‘नो अॅडेड शुगर’ आणि ‘शुगर फ्री’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ‘शुगर फ्री’ म्हणता येतं आणि घन पदार्थात ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ‘लो शुगर’. पण हे झालं फक्त साखरेचं. मैदा, बेसन, खव्यातलं बाकीचं काय, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. म्हणून आता मी डबा उलटा करते, कार्बोहायड्रेटची ओळ बघते, फायबर वजा करते आणि तुकड्याच्या वजनाने हिशोब करते.

दुसऱ्या डब्यातली बर्फी माल्टिटॉलची होती. खाली बारीक अक्षरांत इशारा होता की पॉलिऑल्समुळे, म्हणजे माल्टिटॉलच्या जातीच्या गोड द्रव्यांमुळे, जुलाब होऊ शकतात. माल्टिटॉल साखरेइतकं नाही, पण काही प्रमाणात रक्तातली साखर वाढवतंच, आणि जे पचत नाही ते आतड्यात जाऊन पोट बिघडवतं. आत्याचं पोट मेटफॉर्मिनमुळे आधीच नाजूक. तो डबा तिथेच बाद झाला.

बुधवारी ८ तारखेला आहारतज्ज्ञांकडे गेले. फी ६०० रुपये, वेळ साडेपाचची, आत बोलावलं साडेसहाला. मी वही आणि डब्यांचे फोटो घेऊन गेले होते, त्यामुळे मिळालेल्या वीस मिनिटांत बरंच काम झालं. तुम्ही जाल तेव्हा औषधांची नावं लिहून न्या, कारण त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

माझ्या मनात तोवर बेसनाचे शुगर फ्री लाडू होते. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. १०० ग्रॅम बेसन, ९० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम तूप घेतलं तर ४० ग्रॅमच्या लाडवात साधारण २२ ग्रॅम पचणारी कर्बोदकं येतात. साखर पूर्ण काढून सुक्रालोजची चिमूट घातली तर ती शून्य होत नाहीत, १२च्या आसपास राहतात, कारण बेसन स्वतःच निम्मं पिष्ट आहे. शिवाय साखरेचं वजन गेल्यामुळे तेवढ्याच आकाराच्या लाडवात बेसन आणि तूप दोन्ही वाढतात, तूप दहाचं पंधरा ग्रॅम होतं. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गुळाचंही विचारलं, कारण आत्या गूळ चालतो असं धरून चालते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गूळ म्हणजे मुख्यतः तीच साखर, जोडीला थोडी खनिजं. आणि आपल्या नाशिकचे बेदाणे, जे आपण मोठ्या अभिमानाने सगळ्यांना देतो, ते मूठभर, ३० ग्रॅम, खाल्ले तर वीस ग्रॅमच्या वर कर्बोदकं होतात. चकलीसुद्धा निरुपद्रवी नाही. एका मध्यम चकलीत दहाएक ग्रॅम सहज असतात.

मग द्यायचं काय? त्यांनी सुचवलं की मूळ पदार्थ असा घ्या की ज्यात पिष्ट कमी असेल, म्हणजे बदाम किंवा खोबरं. गोडी कमी ठेवा आणि तुकडा लहान कापा. मामांसाठी त्यांनी बजावलं की सुक्यामेव्याचा डबा मुळीच नको, पण दहा ग्रॅमची बदामाची वडी दिवसाला दोनच असेल तर पोटॅशियम फारसं होणार नाही, तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारून. मामींनी दुसऱ्या दिवशी विचारलं आणि दोन वड्यांना होकार आला.

साखरेऐवजी गोडीसाठी घालायला ऑनलाइन मागवलेलं अर्धा किलो एरिथ्रिटॉल १० तारखेला आलं, ३४० रुपयांना. हे साखरेसारखंच दिसतं, रक्तातली साखर वाढवत नाही आणि माल्टिटॉलपेक्षा पोटाला पुष्कळ सोसतं. शनिवारी ११ तारखेला पहिली वडी केली. २५० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम एरिथ्रिटॉल. पाक करायला ठेवला आणि तिथेच अडले. एरिथ्रिटॉलचा एकतारी पाक होतच नाही. पाण्यात विरघळतं, उकळतं, पण बोटात घेतलं तर तार धरत नाही. तसंच बदामाची पूड घालून आटवलं, थापलं, कापलं. संध्याकाळी चव बरी लागली, जिभेवर पुदिन्याच्या गोळीसारखा किंचित गारवा. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर वडीत रवाळ कणकण आली होती. थंड झालं की एरिथ्रिटॉल पुन्हा स्फटिक धरतं. बारीक दळून, पाक न करता मिसळलं तर कणकण कमी होते, हे मी करूनही पाहिलं, पण तो गारवा जात नाही. नवऱ्याने एक वडी खाऊन दुसरी घेतली नाही. आणि माझ्या मनात आत्याचं ते वाक्य होतं, आजारी माणसाचा खाऊ.

रविवारी दुपारी मी वही पुन्हा उघडली आणि साखर घालून हिशोब केला. थोडीशी, खरी साखर. २५० ग्रॅम बदामांत पचणारी कर्बोदकं २३ ग्रॅम. ३० ग्रॅम बिनसाखरेच्या दूध पावडरीत ११. साखर ६० ग्रॅम घेतली तर ६०. तुपात काही नाही. बेरीज ९४. सगळ्याचं तयार वजन ३९० ग्रॅम भरतं, त्याच्या ४० वड्या पाडल्या तर एक वडी दहा ग्रॅमच्या आत-बाहेर आणि तिच्यात सुमारे २.४ ग्रॅम. दुकानातल्या बारा ग्रॅमच्या एका काजूकतलीत सहाएक ग्रॅम असतात. खजुराच्या रोलमध्ये साडेअकरा. म्हणजे साखर घातलेल्या माझ्या दोन वड्या ‘नो अॅडेड शुगर’च्या अर्ध्या रोलपेक्षाही कमी. मी ती बेरीज तीनदा केली.

आणि मुख्य म्हणजे हीच वडी आठही घरी देता येणार होती. वेगळा डबा नाही, वेगळी चिठ्ठी नाही.

कृती सांगते, कारण साखर इतकी कमी केली की नेहमीची पद्धत चालत नाही. बदाम गरम पाण्यात तासभर भिजवून सोलले आणि सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर वाळवले. ओलसर राहिले तर पुढे वडी आंबते. मिक्सर थांबत थांबत फिरवला, सलग फिरवला की बदाम तेल सोडतात. जाड बुडाच्या कढईत साखर आणि तीन चमचे पाणी, चिकट झाल्यावर मंद आचेवर बदामाची पूड, दूध पावडर, ३० ग्रॅम तूप, केशर, वेलची आणि बेताचं जायफळ. वेलची सढळ असली की गोडी आहे त्यापेक्षा जास्त वाटते. पहिल्या वेळी माझी वडी कापताना भुगा झाली, कारण धरून ठेवायला पाकच पुरेसा नव्हता. दुसऱ्या वेळी दोन चमचे कोमट दूध शिंपडून पुन्हा परतलं, कडा सुटून गोळा कढईत फिरायला लागला तेव्हा उतरवलं आणि गरम असतानाच वाटीच्या बुडाने दाबून थापलं. मग सरळ कापली गेली. दूध घातलंय आणि टिकवणारी साखरही थोडी, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवायची आणि आठ दिवसांत संपवायची.

मंगळवारी १४ तारखेला चार वाजता आत्याकडे गेले. तिच्या डॉक्टरांना तिने आधीच फोन करून विचारलं होतं. बिनसाखरेचा चहा आणि दोन वड्या. आधी मीटरवर १२८. दोन तास आम्ही जुने फोटो बघत बसलो. सहा वाजता तिने बोटाला सुई टोचली आणि आकडा आला २४१. माझे हातपाय गार पडले. आत्या काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या सुनेने विचारलं, “आई, तुम्ही आत्ता मुलांना वड्या वाढल्यात ना? हात धुतलेत का?” धुतले नव्हते. साबणाने हात धुतले, नीट पुसले, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. १४६. बोटावर लागलेला वडीचा कण रक्ताच्या थेंबात मिसळला होता. फराळाच्या दिवसांत घरोघर हे होत असणार आणि लोक विनाकारण घाबरत असणार, म्हणून इतकं सविस्तर लिहिलंय. हात धुतल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि त्या आकड्यावरून गोळी तर मुळीच वाढवू नका.

गुरुवारी तिने त्याच वेळी, तसाच चहा आणि एक खजूर रोल घेऊन पाहिलं. १३१चे १७२ झाले. हे एका माणसाचं, एकेका दिवसाचं मोजमाप आहे, आणि घरच्या मीटरमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत फरक धरायचा असतो. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील. पण आत्याला स्वतःच्या शरीरात काय होतं ते दिसलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. ती त्या संध्याकाळी म्हणाली, “मला वाटायचं, खजूर म्हणजे उपासाचं, त्याने काय होतंय.”

मंगळवारच्या त्या भेटीत एक गोष्ट सुनेने सांगितली आणि मी ती वहीत टिपून घेतली. आत्याच्या ग्लिमेपिराइडमुळे कधीकधी साखर एकदम खाली जाते, घाम येतो, हात थरथरतात. गेल्या लक्ष्मीपूजनाला जेवण लांबलं तेव्हा असंच झालं होतं आणि घरात घाईने कुणीतरी तिला शुगर फ्री बर्फी भरवली होती. अशा वेळी तिचा काही उपयोग नाही. माझी बदामाची वडीही उपयोगाची नाही, तिच्यात साखर थोडी आणि बदाम-तुपामुळे ती रक्तात उतरायला वेळ लागतो. तेव्हा पाण्यात तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तरीही कमीच असेल तर परत द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. मी आत्यासाठी ग्लुकोजची एक पुडी वेगळी नेली आणि तिच्या देवघराच्या कपाटात ठेवून आले.

शनिवारी १८ तारखेला, धनत्रयोदशीला, चार घाणे केले. सकाळी सातला सुरू केलं, शेवटची थाळी दुपारी दोनला कापली. एक किलो बदाम ८८० रुपये, दूध पावडर, तूप, साखर मिळून दीडशेच्या आसपास, केशर १५०, भद्रकालीतून आणलेले आठ पुठ्ठ्याचे डबे १७६. एका डब्याला साधारण १७० रुपये पडले, त्यात वीस वड्या. आधीच्या प्रयोगांत गेलेले अर्धा किलो बदाम, एरिथ्रिटॉल आणि आहारतज्ज्ञांची फी त्यात धरलेली नाही.

प्रत्येक डब्यात एक हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली, आठही घरांत तीच. ‘बदाम वडी. साखर आहे, पण थोडी. एक वडी साधारण १० ग्रॅम, पचणारी कर्बोदकं सुमारे २.४ ग्रॅम, ऊर्जा पन्नासेक कॅलरी. बदाम, दूध, तूप आहे. फ्रिजमध्ये ठेवा, २६ तारखेपर्यंत संपवा.’ बदाम-दुधाचं मुद्दाम लिहिलं, कुणाच्या घरी त्याची अॅलर्जी असेल तर कळावं म्हणून. मामांच्या चिठ्ठीत फक्त ‘दिवसाला दोन’ एवढं जास्तीचं लिहिलं आणि ते मामींच्या हातात दिलं.

रविवारी १९ तारखेला डबे पोचवले. नाशिकरोडहून निघताना द्वारका चौकात गर्दीत पाऊण तास अडकले, त्यामुळे सिडकोत पोचेपर्यंत अंधार झाला. वड्या गाडीत थंड पिशवीत ठेवल्या होत्या म्हणून बरं झालं. जाऊबाईंनी दारातच डबा उघडून चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता ती फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावली. मामांनी लगेच एक वडी तोंडात टाकली, बराच वेळ चघळत राहिले आणि म्हणाले, “सहा वर्षांनी कुणीतरी मला दिवाळीत घरचं गोड दिलं गं.” मामी आत गेल्या, डोळे पुसून परत आल्या.

आत्याकडे सगळ्यात शेवटी गेले. तिने शेजारणीचा डबाही मीच दिलाय का, हे आधी विचारलं. आईच्या घरी, माझ्या घरी, सगळीकडे हाच डबा आहे म्हटल्यावर तिने तो देवापुढे ठेवला.

गुरुवारी, भाऊबीजेला संध्याकाळी, सिडकोतून फोन आला. मुलगा बोलत होता. त्याने जेवणाबरोबर सहा वड्या खाल्ल्या होत्या. “मावशी, सहा वड्यांचे तुझ्या चिठ्ठीप्रमाणे साडेचौदा ग्रॅम होतात. पण मी काट्यावर ठेवल्या तर ६८ ग्रॅम भरल्या. एक तर १३ ग्रॅमची आहे. मग मी सोळा धरले.”

मी विचारलं, “मग? साखर किती आली?”

“१५८. बरोबर आली. पण तू कापताना पट्टी लाव ना.”

काल मी ती थाळी काढून तिच्या काठावर कायम टिकणाऱ्या मार्करने अडीच-अडीच सेंटीमीटरवर खुणा करून ठेवल्यात.